आजोबांच्या दुकानाची वही : बेरीज नंतर, आधी रकाने

गेल्या महिन्यात आपल्या मंडळातील एका कुटुंबाने आम्हाला मोबाइलवर एक फोटो दाखवला. इंदूरमधील त्यांच्या आजोबांच्या किराणा दुकानातील उधारीच्या वहीचे ते एक पान होते. संवत २००९, म्हणजे इसवी सन १९५२. पानावर ज्या गिऱ्हाइकाचे नाव होते, त्याचे नातूही आपल्याच मंडळात आहेत. घरातल्या मुलांनी शेवटच्या रकान्याची कॉम्प्युटरवर बेरीज केली, ती ३७.१४ आली. "तुमच्या आजोबांकडे आमचे सदतीस रुपये राहिले," असे कोजागरीच्या कार्यक्रमात कोणीतरी थट्टेत म्हटले आणि समोरच्या घरी ते लागले. रक्कम किरकोळ असली तरी प्रश्न गेलेल्या माणसाच्या पतीचा होता.

आम्ही काही निवृत्त बँकवाले ते पान घेऊन बसलो. बँकेत आम्हाला पहिल्यांदा शिकवलेली गोष्ट हीच, की रकाना कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्याची बेरीज करायची नाही. या पानावर मथळा नव्हता. जुन्या वह्यांत रकान्यांची नावे बहुधा पहिल्याच पानावर असतात, पुढे नुसत्या रेघा. म्हणून आधी वहीच्या पहिल्या पानाचा, आणि मागच्या-पुढच्या पानांचाही फोटो मागवला. पहिले पान फाटलेले निघाले. मग प्रत्येक रकान्याला त्याच्याच आकड्यांवरून ओळखणे भाग होते.

पानावरच्या नोंदी वाचल्या त्या अशा :

| मिती | तपशील | वजन | दर | ? | ? | ? | ? |
|---|---|---|---|---|---|---|---|
| भाद्रपद सुदी १२ | गहू | ॥ | १६ | ४१ | ८ | | ८ |
| आश्विन वदी ५ | साखर | ५ | ॥। | ४६ | ३॥। | | ११॥। |
| आश्विन सुदी ३ | तेल | २ | (पुसट) | ५२ | २-५-० | | १४-१-० |
| आश्विन सुदी १० | रोख | | | ५४ | | १० | ४-१-० |
| कार्तिक वदी ११ | रोख | | | ६० | | ४-१-० | ० |

पहिली अडचण उभ्या रेघांची. मुलांनी गव्हापुढचे ॥ हे अकरा वाचले होते. या रेघा म्हणजे चौथाया. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. पण कशाचा पाव, हे रकान्यावर ठरते. रुपयाच्या रकान्यात एक रेघ म्हणजे चार आणे, मणाच्या रकान्यात दहा शेर. म्हणून गव्हाचे ॥ म्हणजे अर्धा मण, वीस शेर. आणि साखरेच्या रकमेतले ३॥। म्हणजे तीन रुपये बारा आणे.

हे खरे की आमचा तर्क, हे गुणाकाराने पाहिले. अर्धा मण गहू, मणाला १६ रुपये दराने, ८ रुपये. सहाव्या रकान्यात ८ आहेत. पाच शेर साखर, शेराला बारा आणे, म्हणजे साठ आणे, तीन रुपये बारा आणे. तेही जुळले. गव्हाचा दर मणाचा आणि साखरेचा शेराचा हे वहीत कुठेही लिहिलेले नाही; दुकानदाराला ते लिहायची गरज नव्हती. दोन ओळी दोन वेगळ्या मापांनी जुळल्यावरच सहावा रकाना मालाची रक्कम, म्हणजे 'नावे', असे आम्ही मानले.

तेलाचा दर पुसट होता. दोन शेराचे २-५-० म्हणजे ३७ आणे, तेव्हा शेराला साडेअठरा आणे, १-२-६ असा दर निघतो. तो आम्ही पेन्सिलने कडेला लिहिला, रकान्यात नाही. रकमेवरून काढलेला दर त्याच रकमेचा पुरावा होऊ शकत नाही.

पाचव्या रकान्यात ४१, ४६, ५२ असे आकडे आहेत. ते रुपयेही नाहीत आणि शेरही नाहीत. ते खाली फक्त वाढत जातात, कधी कमी होत नाहीत, आणि मालाशी त्यांचा काही संबंध लागत नाही. असा रकाना दिसला की तो बहुतेक रोजकीर्दीच्या पानाचा. सुदैवाने कीर्द शिल्लक होती. पान ५४ काढले, तर त्यावर याच गिऱ्हाइकाचे दहा रुपये जमा होते. त्याने सातवा रकाना 'जमा' असल्याचेही पक्के झाले.

आता शेवटचा रकाना. आठ, मग आठ अधिक तीन रुपये बारा आणे म्हणजे ११॥।, मग १४-१-०, दहा वजा होऊन ४-१-०, शेवटी शून्य. प्रत्येक आकडा म्हणजे वरचा आकडा, अधिक नावे, वजा जमा. ही चालू बाकी आहे. तिची बेरीज करायचीच नसते, शेवटचा आकडा वाचायचा असतो. मुलांनी केलेल्या बेरजेत गव्हाचे तेच आठ रुपये तीन वेळा धरले गेले होते.

नावे रकान्याची बेरीज मात्र करता येते, पण पूर्णांक-दशांशाने नाही. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे येईपर्यंत रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै होत्या. कॉम्प्युटरवर ८.००, ३.१२, २.०५ मिळवले तर १३.१७ येतात. सतरा आणे दिसले की चूक तिथेच कळते. खरी बेरीज १४ रुपये १ आणा. तीन रकाने वेगळे भरा, बारा पै झाल्या की एक आणा आणि सोळा आणे झाले की एक रुपया डावीकडे न्या. जमेची बेरीजही १४-१-०. खाते बेबाक.

मितीच्या रकान्यानेही एक घोळ घातला होता. आश्विन वदी आधी आणि सुदी नंतर, म्हणून मुलांना वाटले की आजोबांनी ओळी उलटसुलट लिहिल्या, आणि त्यांनी त्या 'नीट' लावून घेतल्या. आपल्या घरच्या पंचांगात महिना अमावास्येला संपतो. माळव्याच्या बाजारात तो पौर्णिमेला संपतो, म्हणून तिथे वदी पंधरवडा आधी येतो. त्यांची आश्विन वदी ५ ही आपली भाद्रपद वद्य ५, आणि कार्तिक वदी ११ ही आपली आश्विन वद्य ११. म्हणजे गिऱ्हाइकाने दिवाळीच्या तोंडावर सगळे चुकते केले होते. ओळी हलवल्या की चालू बाकी जुळत नाही, हीच त्या रकान्याची दुसरी उपयोगी गोष्ट.

एखाद्या ओळीत बाकी जुळलीच नाही, तर आकडा सुधारू नये. १ आणि ९ घाईच्या अक्षरात सारखे दिसतात, तेव्हा ओळीपुढे प्रश्नचिन्ह करून कीर्दीचे पान पाहावे. कीर्द नसेल तर ते प्रश्नचिन्ह तसेच राहू द्यावे. पानाच्या वर 'मागील पानावरून' असे असेल, तर ती रक्कम नवी खरेदी नव्हे, आणलेली बाकी आहे.

सभासदांनी वहीचा फोटो काढताना शिवणीकडची बाजू दाबून पान सपाट करावे. मितीचा रकाना नेहमी तिथेच कापला जातो. फोटो वरून सरळ घ्यावा, तिरका घेतला की एका ओळीची रक्कम दुसऱ्या ओळीपुढे दिसते.

त्या दोन्ही घरांना आम्ही एकत्र बसवून कीर्दीचे ६० वे पान दाखवले. दोन्ही आजोबांचा हिशेब एकमेकांशी चोख होता.