तसबिरीचा घोटाळा आणि प्रेमकथेची गाठ

प्रेमकथेतला गैरसमज प्रेक्षकाला खरा कधी वाटतो? ज्याचा गैरसमज झाला, त्याच्या जागी आपण असतो तर आपलाही झाला असता, असे वाटले तरच. हे समजून घ्यायला कोल्हापूरपासून लांब जायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ पाहावे. मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनाचे बीज घेऊन देवलांनी आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. त्याचेच पुढे ‘संशयकल्लोळ’ हे संगीत नाटक झाले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले.

सारा घोटाळा एका तसबिरीचा आहे. अश्विनशेठची तसबीर रेवतीजवळ असते. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्या गडबडीत तसबीर खाली पडते. त्याची बायको कृत्तिका हे दुरून पाहते. तिला दिसते ते एवढेच, की नवरा परक्या बाईला धरून उभा आहे. पुढे तसबीर कृत्तिकेला सापडते. आता फाल्गुनरावाला दिसते, की बायको परपुरुषाचे चित्र न्याहाळते आहे. नंतर तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती पाहून अश्विनशेठला रेवतीचा संशय येतो.

इथे कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने पाहिले ते खरेच आहे, फक्त अर्धे आहे. उरलेले अर्धे ज्याने त्याने आपल्या स्वभावाने भरले. फाल्गुनराव मुळातच संशयी, म्हणून तो बायकोला सरळ विचारत नाही, पाळत ठेवतो. लेखकाने हीच परीक्षा घ्यावी: एक साधा प्रश्न विचारला तर गैरसमज मिटतो का? मिटत असेल, तर तो प्रश्न न विचारण्याचे कारण पात्राच्या स्वभावात किंवा परिस्थितीत हवे. दाराआडून अर्धे वाक्य ऐकून नायिका गाव सोडून गेली, तर प्रेक्षक म्हणतो, “अगं, विचार की त्याला!” तिथेच कथा फसते.

आजच्या कोल्हापुरात हेच मांडून पाहू. तिने पावसात त्याला आपली छत्री दिली. ती तो खानावळीत विसरला. मित्राची बहीण ती घेऊन रंकाळ्यावर आली आणि नायिकेने तिच्या हाती छत्री पाहिली. पण प्रेमाची कबुली अजून कोणी दिलेलीच नाही. मग कोणत्या हक्काने विचारायचे? म्हणून ती गप्प राहते.

सोडवणूकही त्याच वस्तूतून यावी. मोलिएरच्या नाटकात शेवटी दासी चौघांना समोरासमोर आणते आणि एकेकाला विचारते. तसबीर कोणाकडून कोणाकडे गेली, हे उलगडताच गाठ सुटते. आपल्या कथेतही मित्राची बहीण छत्री परत द्यायला येईल, कारण दुसऱ्याची वस्तू परत करणे हा तिचा स्वभाव आधीच्या प्रसंगात दिसलेला असेल. अचानक मुंबईहून आलेल्या मामाने सगळे समजावले, तर मात्र तो जोड उघडा पडतो.