दीडशे शब्दांत तीन तक्रारी बसत नाहीत

'पत्र शब्दमर्यादेत बसवायचं, म्हणजे प्रत्येक वाक्यातले थोडे थोडे शब्द काढायचे.' वाचकांची पत्रं लिहिणाऱ्यांकडून हे मी सतत ऐकतो आणि दर वेळी चिडतो. याच समजुतीने चांगली पत्रं मरतात. अशी छाटणी केली की क्रियापदं गळतात, उदाहरणं जातात आणि पत्र तारेसारखं तुटक होतं. मुद्दे मात्र सगळे तसेच राहतात, एकेक अर्धवट.

एक नमुना घ्या. मर्यादा दीडशे शब्दांची आणि एसटीबद्दलचं पत्र ३४० शब्दांचं. दैनिकाची स्तुती ४०, १९४८ साली सुरू झालेल्या एसटीचा इतिहास ७०, स्थानकातलं स्वच्छतागृह ६०, वाहकांचं वागणं ५०, संध्याकाळच्या गाडीची वेळ ८० आणि 'संबंधितांनी लक्ष घालावे' छापाचा समारोप ४०.

आता एकच प्रश्न विचारायचा: कोणी काय करावं? उत्तर एका वाक्यात यायला हवं. इथे ते असं येतं: 'आगारप्रमुखांनी पावणेसहाची गाडी सव्वासहाला सोडावी.' या वाक्याला आधार न देणारा परिच्छेद अख्खा काढायचा, कितीही खरा असला तरी. स्वच्छतागृहाची तक्रार खरीच आहे. तिचं वेगळं पत्र करा. उरतात ८० शब्द. म्हणजे ७० शब्दांची जागा मोकळी झाली, आणि पहिल्या मसुद्यात जे नव्हतंच ते आता मावतं. सुरुवात अशी होते:

'आमच्या गावाकडची गाडी पावणेसहाला सुटते आणि महाविद्यालय सहाला. पुढची गाडी थेट आठची. विद्यार्थिनींना दोन तास स्थानकावर थांबावं लागतं. पावणेसहाची गाडी सव्वासहाला सोडावी.'

अडचण, कारण आणि मागणी चार वाक्यांत आली. पुढे रोज किती विद्यार्थिनी थांबतात, वेळ बदलल्यास आणखी कोणाची गैरसोय होईल का, आगाराला अर्ज कधी दिला, हे लिहायला भरपूर जागा आहे. छाटणी जमली की नाही, हे पाहायला पत्र न वाचलेल्या माणसाला ते एकदा मोठ्याने वाचून दाखवा आणि मागणी काय ते विचारा. त्याने दोन मागण्या सांगितल्या, तर काम अपुरं आहे.

'जास्त झालं तर संपादक कापतील,' हाही समज. कापतात, तो त्यांचा अधिकारच आहे. पण घाईत शेवट उडतो, आणि बहुतेकांची मागणी शेवटीच असते. म्हणून ती वर आणा.

'एकच पत्र पाच दैनिकांना पाठवलं तर कुठेतरी लागेल.' तेच पत्र दुसरीकडे छापलेलं दिसलं की संपादकाचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

'मराठीत शब्द जास्तच होतात.' उलट, प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मराठीत जोडून लिहितात. 'गाडी साठी' असं तोडून लिहिलं तर संगणक दोन शब्द मोजतो. 'गाडीसाठी' हा एकच.