मेनूत आणि लोडिंग स्क्रीनवर मॉनिटर का लुकलुकतो?

बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर गेम चालू असताना स्थिर दिसतो, पण मेनू उघडला किंवा पुढची लेव्हल लोड होऊ लागली की पडद्याचा करडा-काळा भाग लुकलुकू लागतो. उजेड क्षणात वाढतो, क्षणात उतरतो. हा दोष बहुतेकदा व्होल्टेजवर, केबलवर किंवा ग्राफिक्स कार्डवर ढकलला जातो आणि नवाकोरा मॉनिटर दुकानात परत जातो. खरे कारण पॅनेल आणि गेम यांच्यातील वेळेच्या जुळणीत असते. त्यामुळे बऱ्याच वेळा काही सेटिंग बदलून तो थांबवता येतो, निदान खूप कमी करता येतो.

साधा मॉनिटर ठरलेल्या अंतराने चित्र ताजे करतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर हे अंतर सुमारे ६.९ मिलिसेकंद असते. ग्राफिक्स कार्डाची फ्रेम तोवर तयार झाली नाही तर चित्र अडखळते, अर्धवट वेळी आली तर फाटल्यासारखे दिसते. यावर उपाय म्हणून एनव्हीडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले, २०१५ मध्ये एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले, आणि २०१९ पासून एनव्हीडियाची कार्डेही फ्रीसिंक वर्गातील मॉनिटरवर हीच सोय देऊ लागली. या सगळ्यांत कल्पना एकच आहे: मॉनिटरने स्वतःच्या ठेक्याने न चालता फ्रेम तयार होईपर्यंत थांबायचे. मात्र थांबण्याला मर्यादा असते. ४८ ते १४४ हर्ट्झ पल्ल्याचा मॉनिटर एका फ्रेमसाठी जास्तीत जास्त २०.८ मिलिसेकंद थांबू शकतो, म्हणजे सर्वात कमी वेळेच्या तिप्पट.

लुकलुकाटाचे मूळ या तिप्पट फरकात आहे. पॅनेलमधील प्रत्येक पिक्सेलला फ्रेमच्या सुरुवातीला विद्युतभार दिला जातो आणि पुढची फ्रेम येईपर्यंत त्याने तो टिकवून धरायचा असतो. बारीक भोक असलेल्या बादलीप्रमाणे हा भार हळूहळू गळतो, आणि फ्रेम जितकी जास्त वेळ पडद्यावर राहील तितका जास्त गळतो. कारखान्यात पॅनेलचा उजेड बहुधा वरच्या रिफ्रेश रेटला धरून जुळवलेला असतो. त्यामुळे १४० हर्ट्झला दिसणारा गडद करडा रंग ५० हर्ट्झला किंचित वेगळा दिसतो. रेट सावकाश बदलला तर हा फरक डोळ्याला कळत नाही, पण सेकंदात अनेकदा वर-खाली झाला की तोच फरक लुकलुकाट म्हणून दिसतो. व्हीए आणि ओएलईडी पॅनेलवर तो जास्त जाणवतो, आयपीएसवर सहसा कमी. गडद भागात तो ठळक दिसण्याचे कारण डोळ्याशी निगडित आहे, कारण कमी उजेडात अगदी लहान बदलही डोळा टिपतो. गेमचे मेनू आणि लोडिंग स्क्रीन बहुधा काळपटच असतात.

मेनू आणि लोडिंग यांची कारणे मात्र वेगवेगळी आहेत. हा भेद लक्षात न घेतल्याने अनेकांचे उपाय अर्धेच लागू पडतात. मेनूत कार्डाला काम हलके असते. मर्यादा नसेल तर फ्रेमची संख्या सेकंदाला काहीशेवर जाते, आणि एखादी चौकट उघडली किंवा पात्राचे त्रिमित चित्र फिरू लागले की पन्नास-साठवर उतरते. लोडिंगमध्ये प्रोसेसर फाइली उलगडण्यात गुंतलेला असतो. त्यामुळे काही फ्रेम झटपट येतात, मग शंभर-दोनशे मिलिसेकंद काहीच येत नाही.

पल्ल्याच्या खालच्या टोकाला आणखी एक अडचण येते. फ्रेम ४८ पेक्षा कमी झाल्या की ड्रायव्हर तीच फ्रेम दोनदा किंवा तीनदा दाखवून मॉनिटरला पल्ल्यात ठेवतो. गेम ५० फ्रेमवर असेल तर मॉनिटर ५० हर्ट्झवर चालतो. गेम ४७ वर घसरला की दुप्पट होऊन मॉनिटर ९४ वर उडी मारतो. गेमच्या दृष्टीने फरक तीन फ्रेमचा, पॅनेलच्या दृष्टीने जवळपास दुप्पट. फ्रेमची संख्या या सीमेवर झुलत राहिली की सर्वात वाईट लुकलुकाट तिथेच दिसतो.

उपायाआधी निदान पक्के करावे. लुकलुकाट दिसत असताना स्क्रीन रेकॉर्डिंग करून ते नंतर साध्या व्हिडिओसारखे पाहावे. रेकॉर्डिंगमध्ये उजेड स्थिर असेल तर चित्र ठीक तयार होत आहे आणि दोष पॅनेलवर उमटत आहे. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतून चालू रिफ्रेश रेटचा आकडा पडद्यावर आणावा. बऱ्याच गेमिंग मॉनिटरमध्ये ही सोय असते. लोडिंगच्या वेळी आकडा ५०, १३८, ९४ असा नाचत असेल तर शंका उरत नाही. शेवटची खात्री म्हणून मॉनिटरमधील Adaptive-Sync किंवा FreeSync बंद करून तोच मेनू पुन्हा उघडावा. लुकलुकाट तरीही राहिला तर कारण दुसरे आहे, जसे सैल केबल, बॅकलाइट किंवा बॅकलाइटचे विभागवार मंद होणे, आणि खालील उपायांचा तिथे उपयोग नाही.

निदान पक्के झाल्यावर पहिला हात मेनूला घालावा, कारण तो सर्वात सोपा आहे. इथे फ्रेमची संख्या कमी करणे हा हेतू नसून ती एका जागी धरून ठेवणे हा हेतू आहे. काही गेममध्ये मेनूसाठी वेगळी मर्यादा असते. व्हॅलोरंटमध्ये Limit FPS in Menus हा पर्याय आहे, तर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कन्सोलवर ही एक ओळ पुरते:

```
fps_max_ui 120
```

अशी सोय नसेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये Manage 3D settings खाली Program Settings मध्ये गेम निवडून Max Frame Rate ठरवावा. एएमडीच्या ॲड्रेनलिनमध्ये Frame Rate Target Control हेच काम करतो. आकडा असा निवडावा की कार्ड तो मेनूत कधीच चुकवणार नाही, आणि तो पल्ल्याच्या दोन्ही टोकांपासून दूर असावा. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला १२० बहुधा ठीक ठरतो. जुन्या कार्डाला ८० किंवा ९० निवडावा. ५० मात्र टाळावा, कारण एखादी फ्रेम उशिरा आली की तो वर सांगितलेल्या दुपटीच्या सीमेवर जाऊन पडतो.

मर्यादेने मेनू शांत होतो, पण लोडिंग स्क्रीन होईलच असे नाही. मर्यादा फ्रेमला लवकर येण्यापासून रोखते. उशिरा येणाऱ्या फ्रेमला ती घाई करायला लावू शकत नाही. इथून पुढचा उपाय रेटचा पल्लाच आवळण्याचा आहे. काही कंपन्यांनी ही सोय मॉनिटरमध्येच दिली आहे. सॅमसंगच्या अनेक ओडिसी मॉनिटरवर VRR Control असतो, असूसच्या ओएलईडी मॉनिटरवर OLED Anti-Flicker. अशी नोंद मॉनिटरच्या मेनूत असेल तर आधी तीच चालू करून पाहावी. तिची किंमत थोड्या अडखळण्यात मोजावी लागते, पण शांत गेमसाठी हा सौदा चांगला आहे.

ही नोंद नसेल तर विंडोजवर Custom Resolution Utility या मोफत साधनाने पल्ल्याची खालची मर्यादा वाढवता येते. समजा, मॉनिटर व्हीए पॅनेलचा आणि ४८ ते १४४ हर्ट्झचा आहे. साधन उघडून वरच्या यादीतून तो मॉनिटर निवडावा. डिस्प्लेपोर्टने जोडला असेल तर Edit मधील range limits मध्ये, एचडीएमआयने जोडला असेल तर Extension block मधील FreeSync range मध्ये खालचा आकडा ४८ ऐवजी ७० करावा. मग सोबत मिळालेली restart64.exe चालवावी, म्हणजे ड्रायव्हर नव्या आकड्यांसह सुरू होतो. ७० निवडण्यामागे हिशेब आहे. फ्रेम दुप्पट करण्याची युक्ती नीट चालण्यासाठी वरचा रेट खालच्याच्या निदान दुप्पट लागतो, आणि ७० ची दुप्पट १४० पल्ल्यात बसते. आता एका फ्रेमचा सर्वात लांब थांबा २०.८ वरून १४.३ मिलिसेकंदांवर येतो, त्यामुळे पिक्सेलला गळायला वेळही तेवढाच कमी मिळतो. सर्वात लांब आणि सर्वात छोट्या फ्रेममधील फरक तिपटीवरून दुपटीवर येतो. लुकलुकाट पूर्ण जात नाही, पण बऱ्याच पॅनेलवर तो शोधावा लागतो इतका फिका होतो. खालचा आकडा लोभाने ९० किंवा १०० केला तर दुपटीला जागा उरत नाही आणि गेम कमी फ्रेमवर उतरला की अडखळू लागतो. पडदा काळा झाला किंवा चित्र बिघडले तर त्याच फोल्डरमधील reset-all.exe चालवून संगणक पुन्हा सुरू करावा, सगळे पूर्ववत होते. जी-सिंकची स्वतंत्र चिप बसवलेल्या जुन्या मॉनिटरवर हा मार्ग चालत नाही.

काही गेमचे लोडिंग इतके धसमुसळे असते की पल्ला आवळूनही भागत नाही. मग त्या एका गेमपुरता बदलता रेट बंद करणे हाच सरळ मार्ग आहे. एनव्हीडियामध्ये त्याच Program Settings मध्ये Monitor Technology हे Fixed Refresh वर ठेवावे आणि Vertical sync हे On करावे. एएमडीमध्ये गेमच्या प्रोफाइलमध्ये FreeSync बंद करावे. यामुळे माउसची हालचाल किंचित उशिरा उमटते, आणि कार्डाला पुरेशा फ्रेम जमल्या नाहीत तर चित्र अडखळते. म्हणून कार्डाला झेपेल तो रेट, जसे १४४ ऐवजी १२० किंवा ६०, विंडोजमध्ये आधी निवडून घ्यावा. स्पर्धात्मक नेमबाजीच्या गेमला हा उपाय बरा नाही, संथ गेमला मात्र पुष्कळदा हाच उत्तम.

गेम सुरू करून देणारे लाँचर किंवा खिडकीत चालणारे इतर प्रोग्राम लुकलुकत असतील तर एनव्हीडियाच्या Set up G-SYNC पानावर Enable for full screen mode निवडावे. खिडकीसाठीचा पर्याय चालू असेल तर डेस्कटॉपवरचा साधा प्रोग्रामही मॉनिटरचा रेट खाली ओढू शकतो. मात्र बिनकिनारी खिडकीत चालणाऱ्या गेमलाही मग बदलता रेट मिळत नाही, त्यामुळे असा गेम खऱ्या पूर्ण पडद्यावर चालवावा.

एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि प्रत्येक बदलानंतर तोच मेनू, तीच लेव्हल उघडून पाहावी, नाहीतर कोणत्या बदलाचा गुण आला ते कळत नाही. मॉनिटरची नवी फर्मवेअर आली असेल तर तीही घ्यावी. हे सगळे करूनही खेळताना उजळ दृश्यांत लुकलुकाट दिसत राहिला, तर तो मॉनिटर हमीच्या मुदतीत बदलून घ्यावा.