सरासरी सारखी, भांडवल वेगळे: बँकेच्या दोन विभागांचा हिशेब

एखाद्या बँकेच्या दोन विभागांनी प्रत्येकी 1,000 कोटी रुपयांची कर्जे दिली आहेत असे समजा. पहिला विभाग गृहकर्जांचा, दुसरा बिल्डरांना दिलेल्या कर्जांचा. दोन्हीकडे बुडीत कर्जांची दीर्घकालीन सरासरी एकच आहे, वर्षाला 6 कोटी रुपये. गृहकर्जांत हजारो छोटे कर्जदार असल्यामुळे तोटा एखाद्या वर्षी 2 कोटी, तर एखाद्या वर्षी 10 कोटी होतो. बिल्डर-कर्जांत मोजकेच मोठे कर्जदार आहेत. तिथे दहापैकी नऊ वर्षे एक रुपयाही बुडत नाही आणि दहाव्या वर्षी बाजार थंडावला की एकदम 60 कोटी बुडतात. सरासरीकडे पाहिले तर दोन्ही विभाग सारखेच धोक्याचे वाटतात. प्रत्यक्षात बँकेला दोघांसाठी बाजूला ठेवावे लागणारे भांडवल फार वेगळे असते. जोखीम लक्षात घेऊन भांडवलावरचा परतावा मोजण्याची पद्धत, म्हणजे ‘रॅरॉक’, हाच फरक हिशेबात आणते.

ही पद्धत 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या बँकर्स ट्रस्ट या बँकेत घडली. पुढे या बँकेचे प्रमुख झालेले चार्ल्स सॅनफर्ड यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. बँकेत तेव्हा रोखेव्यवहार आणि कर्जवाटप शेजारी शेजारी चालत, आणि त्यांच्या नफ्याची थेट तुलना अर्थहीन ठरत असे, कारण दोन्हींतली जोखीम वेगळ्या जातीची होती. नियामकांचे ठोकळ नियमही इथे उपयोगी पडणारे नव्हते. नंतर, 1988मध्ये, आलेल्या पहिल्या बासल करारातसुद्धा खासगी कंपन्यांना दिलेल्या सर्व कर्जांना, कंपनी भक्कम असो वा डळमळीत, एकच भार लावला जाई.

रॅरॉकचा पाया तोट्याच्या दोन भागांत आहे. पहिला अपेक्षित तोटा, म्हणजे दीर्घ मुदतीची सरासरी. हा धंद्याचा खर्चच आहे आणि तो पगार किंवा भाड्याप्रमाणे उत्पन्नातून वजा व्हायला हवा. दुसरा अनपेक्षित तोटा, म्हणजे एखाद्या वाईट वर्षी सरासरीच्या वर जाणारी रक्कम. ती उत्पन्नातून भागत नाही, ती भागधारकांच्या भांडवलातून सोसावी लागते. हजार वर्षांतल्या एखाद्याच वर्षी अपुरे पडेल इतके भांडवल प्रत्येक विभागासाठी धरायचे, त्याला आर्थिक भांडवल म्हणतात. अपेक्षित तोटा वजा करून उरलेल्या नफ्याला या भांडवलाने भागले की रॅरॉक मिळतो.

भांडवल काढताना तोट्याचा चढउतार मोजावा लागतो आणि त्यासाठी प्रमाण विचलन वापरतात. वरच्या उदाहरणात ते गृहकर्जांसाठी सुमारे 4 कोटी, तर बिल्डर-कर्जांसाठी 18 कोटी येते. तोट्यांचा आलेख घंटेसारखा असता तर या आकड्याच्या साधारण तिप्पट रक्कम पुरली असती. पण कर्जांचा तोटा शून्याखाली जात नाही आणि वरच्या बाजूला मात्र लांबच लांब पसरतो. म्हणून गुणक बराच मोठा घ्यावा लागतो. इथे तो दोन्हीकडे 10 धरू. मग गृहकर्जांना 40 कोटी आणि बिल्डर-कर्जांना 180 कोटी भांडवल लागते.

आता नफा पाहू. कर वगैरे तूर्त बाजूला ठेवू. गृहकर्ज विभागाला व्याजातून निव्वळ 24 कोटी मिळतात. त्यातून 10 कोटी खर्च आणि 6 कोटी अपेक्षित तोटा गेला की 8 कोटी उरतात. भांडवल 40 कोटी, म्हणून रॅरॉक 20 टक्के. बिल्डर विभागाला 37 कोटी मिळतात. 8 कोटी खर्च आणि तेवढाच 6 कोटी अपेक्षित तोटा जाऊन 23 कोटी उरतात. रक्कम जवळजवळ तिप्पट, पण 180 कोटींवर परतावा 13 टक्क्यांच्याही किंचित खाली राहतो. भागधारक आपल्या पैशावर किमान 15 टक्के मागत असतील, तर बिल्डर विभागाने 27 कोटी मिळवायला हवे होते. तो 4 कोटींनी कमी पडतो. गृहकर्ज विभागाला 6 कोटी पुरले असते, त्याने 2 कोटी जास्त दिले.

इथेच सर्वांत जास्त घडणारी चूक होते. अपेक्षित तोट्याऐवजी त्या वर्षी प्रत्यक्ष झालेला तोटा वजा केला जातो. नऊ चांगल्या वर्षांत बिल्डर विभागाचा तोटा शून्य असतो, म्हणून नफा 29 कोटी आणि परतावा 16 टक्क्यांहून अधिक दिसतो. 15 टक्क्यांची रेषा ओलांडली म्हणून बोनस वाटले जातात आणि आणखी कर्जे दिली जातात. दहाव्या वर्षी तोटा येतो तेव्हा वाटलेला बोनस परत येत नाही. विभागाचा रॅरॉक चांगल्या काळात सलग एका पातळीवर राहून एखाद्याच वर्षी कोसळत असेल, तर हिशेबात ही चूक आहे असे समजायला हरकत नाही.

कमी पडणाऱ्या 4 कोटींवर उपाय दोन आहेत. 1,000 कोटींच्या कर्जांवर व्याजदर 0.4 टक्के बिंदूंनी वाढवला तर ते भरून निघतात. नाहीतर तेवढीच रक्कम अधिक बिल्डरांत आणि वेगवेगळ्या शहरांत विभागून चढउतार कमी करायचा. भांडवल 153 कोटींवर आले की 23 कोटींचा नफा पुरेसा ठरतो.

दोन विभाग एकाच बँकेत असल्याचा फायदा कोणाला द्यायचा, हा वादाचा मुद्दा असतो. दोघांची वाईट वर्षे नेहमी एकत्र येत नाहीत, म्हणून बँकेला एकूण 220 कोटी लागत नाहीत. दोन्ही तोट्यांतला सहसंबंध 0.5 असेल तर सुमारे 203 कोटी पुरतात. वाचलेल्या 17 कोटींतला मोठा भाग, 14 कोटींहून अधिक, गृहकर्जांच्या पदरात पडतो, कारण एकूण चढउतारात त्यांचा वाटाच लहान आहे. बिल्डर विभागाचा रॅरॉक जेमतेम 13 टक्क्यांवर जातो. विविधतेचा दाखला देऊन सूट मागणाऱ्या मोठ्या, अस्थिर विभागाला हे गणित सहसा आवडत नाही.

मात्र ही सारी इमारत विचलनाच्या आकड्यावर उभी आहे, आणि तो आकडा कोणत्या वर्षांतून काढला यावर सगळे ठरते. फक्त नऊ शांत वर्षे घेतली तर बिल्डर-कर्जांचे विचलन शून्य येईल आणि भांडवलही शून्य. स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेत जवळजवळ हेच घडले. अमेरिकी गृहकर्जांवर आधारलेले सर्वोच्च दर्जाचे रोखे तिने प्रचंड प्रमाणात जवळ ठेवले होते. भूतकाळातल्या किमतींच्या विश्लेषणावरून त्यांतल्या बऱ्याच रोख्यांना दर्शनी मूल्याच्या 2 ते 4 टक्के तोट्यापुरतेच संरक्षण घेतले गेले आणि जोखमीच्या मोजमापात ते जवळजवळ निर्धोक ठरले. 2007मध्ये बँकेला अमेरिकी गृहकर्जांशी निगडित 18 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बुडीत दाखवावी लागली. 2008च्या एप्रिलमध्ये बँकेने भागधारकांना दिलेल्या अहवालात, बोनस ठरवताना स्वस्त अंतर्गत निधीतून आलेली कमाई आणि खऱ्या कौशल्याची कमाई वेगळी केली जात नव्हती, हेही नोंदवले आहे.

म्हणून एखाद्या विभागाचा रॅरॉक समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात: तोट्याची आकडेवारी किती वर्षांची आहे, त्यात एखादे मंदीचे वर्ष आहे का, आणि गुणक किती धरला आहे. यांची उत्तरे मिळत नसतील तर त्या आकड्यावरून विभागांची तुलना करू नये.