दीड हजार डॉलरचं बिल, हातात किती युरो?

समजा, मूळची नाशिकची एक बाई बर्लिनमध्ये राहते आणि बोस्टनमधल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहून देते. नोकरी नाही, कामागणिक बिल. या महिन्याचं बिल १,५०० डॉलरचं. कंपनीने ते वेळेवर चुकतं केलं, पैसे पाठवल्याची बँकेची पावतीही धाडली. चार दिवसांनी बर्लिनच्या खात्यात जमा झाले सुमारे १,२३८ युरो. बाजारात त्या दिवशी एका युरोला १.१७ डॉलर असा भाव होता. त्या भावाने १,२८२ युरो यायला हवे होते. कंपनी म्हणते, आम्ही पूर्ण रक्कम पाठवली. बर्लिनची बँक म्हणते, आमच्याकडे आलं ते सगळं जमा केलं. दोघंही खरंच बोलत आहेत, तरी ४४ युरो कमी आहेत.

याचं कारण पैशाच्या वाटेत आहे. बोस्टनच्या बँकेचं बर्लिनच्या बँकेत खातं नसतं. दोघींचं ज्या मोठ्या बँकेशी खातं जुळतं, तिच्यामार्फत व्यवहार होतो. कधी अशा दोन बँका मध्ये येतात. त्यांना करस्पॉन्डंट बँका म्हणतात. ‘स्विफ्टने पैसे आले’ असं आपण सर्रास म्हणतो, पण १९७३ साली ब्रसेल्समध्ये सुरू झालेली स्विफ्ट ही संस्था फक्त बँकांचे निरोप पोचवते. पैसे सरकतात ते या मधल्या बँकांच्या खतावण्यांमध्ये, एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा होत. आणि मधली बँक आपला मेहनताना येणाऱ्या रकमेतूनच कापून घेते.

आपल्या उदाहरणात मधल्या बँकेने १८ डॉलर कापले, म्हणजे साधारण १५ युरो. परदेशातून रक्कम आली म्हणून बर्लिनच्या बँकेने १० युरो घेतले. उरलेले १९ युरो मात्र कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. खातं युरोचं आणि आलेले पैसे डॉलरचे, म्हणून बँकेने ते परस्पर बदलून टाकले, आणि बदलताना बाजारभावापेक्षा दीड टक्का कमी दर लावला. खातेउताऱ्यावर ‘चलनबदल शुल्क शून्य’ असं छापलेलं असलं तरी हा दीड टक्का गेलेलाच असतो. तो ओळखायची रीत सोपी आहे. उताऱ्यावर छापलेला दर घ्यायचा आणि त्याच दिवशीच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराशी ताडून पाहायचा. हा दर कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी चारच्या सुमाराला जाहीर होतो. दोन्हींतला फरक हीच बँकेची न सांगितलेली फी.

मधल्या बँकांचा भार कोणी उचलायचा, हे पैसे पाठवणाऱ्याच्या अर्जावर ठरतं. तिथे तीन पर्याय असतात. OUR निवडलं तर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. SHA म्हणजे वाटून: पाठवणारा आपल्या बँकेची फी देतो, पुढचं सगळं घेणाऱ्याच्या रकमेतून जातं. BEN म्हणजे सगळंच घेणाऱ्याच्या माथी. अर्ज भरणारा हिशेबनीस बहुतेक वेळा काहीच निवडत नाही, आणि आपोआप SHA लागतं. बोस्टनच्या कंपनीने आपल्या बँकेला वायरचे ४५ डॉलर वेगळे मोजलेले असतात, त्यामुळे ‘खर्च आम्ही केला’ असं तिला मनापासून वाटत असतं.

तेव्हा बिलावर नुसतं ‘बँकेचा खर्च क्लायंटचा’ लिहून भागत नाही. कोणत्या बँकेचा, हा प्रश्न उरतोच. करारात आणि बिलाच्या तळाशी वाक्य असं हवं: ‘मधल्या बँकांसह पाठवणीचा सर्व खर्च देणाऱ्याने सोसावा; पाठवताना OUR हा पर्याय निवडावा; बिलाची पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या बँकेत पोचल्यावरच बिल चुकतं झालं असं मानलं जाईल.’ तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण OUR लिहिलं तरी डॉलरच्या वाटेवरच्या काही बँका आपला वाटा कापतातच. त्या वेळी कमी पडलेले १८ डॉलर पुढच्या बिलात ‘मागील बाकी’ म्हणून मागायला हेच वाक्य उपयोगी पडतं. पुरावा म्हणून क्लायंटकडून व्यवहाराच्या स्विफ्ट संदेशाची प्रत मागावी. पाठवायला सांगितलेली रक्कम आणि प्रत्यक्ष पुढे गेलेली रक्कम तिच्यात वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात. त्याच संदेशात UETR नावाचा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो. त्याच्या आधारे पैसे कुठे अडकले किंवा कुठे कापले गेले, ते बँकेला शोधता येतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: आपल्याच बँकेने लावलेला वाईट दर OUR मध्ये कधीच भरून निघत नाही.

छोट्या बिलांना हा मार्ग फार महागात पडतो. तेच १८ डॉलर, तेच १० युरो आणि तोच दीड टक्का २०० डॉलरच्या बिलाला लावून पाहा. १७१ युरोंऐवजी १४३ हाती येतात, म्हणजे सहावा हिस्सा वाटेतच संपतो. दर आठवड्याला छोटं बिल पाठवण्यापेक्षा महिन्याचं किंवा दोन महिन्यांचं एकत्र बिल करणं यासाठीच परवडतं.

मुळात वायरची वाटच टाळता आली तर? लंडनमध्ये राहणाऱ्या दोन एस्टोनियन मित्रांना हाच प्रश्न पडला होता. तावेत हिनरिकुस यांना स्काइपकडून पगार मिळे युरोत, खर्च होई पौंडात. क्रिस्तो केरमान यांना पगार पौंडात मिळे, पण एस्टोनियातल्या घराचे हप्ते युरोत भरावे लागत. दोघांनी बँकेला वगळलं. एकाने लंडनमध्ये दुसऱ्याच्या खात्यात पौंड भरायचे, दुसऱ्याने एस्टोनियात पहिल्याच्या खात्यात युरो, आणि भाव त्या दिवशीच्या बाजाराचा. पैशाने सीमा ओलांडलीच नाही. यातूनच २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज उभी राहिली, तिचं आजचं नाव वाइज.

बर्लिनच्या लेखिकेला आज अशा सेवांकडून स्वतःच्या नावाने अमेरिकेतला खाते क्रमांक आणि राउटिंग नंबर मिळू शकतो. मग बोस्टनच्या कंपनीच्या दृष्टीने हे देशातल्या देशात पैसे देणं ठरतं. ती आपल्या कर्मचाऱ्यांचे पगार ज्या एसीएच पद्धतीने करते, त्याच पद्धतीने हे बिलही चुकतं करते. ४५ डॉलरची वायर फी नाही, मधली बँकही नाही. १,५०० डॉलर पूर्ण पोचतात. ते युरोत बदलायला साधारण अर्धा टक्का लागला असं धरलं, तर हाती येतात सुमारे १,२७५ युरो. पहिल्या वाटेपेक्षा ३७ युरो जास्त, आणि क्लायंटचेही ४५ डॉलर वाचले. या वाटेला मर्यादाही आहेत. नवीन खात्याची कागदपत्रं तपासताना रक्कम काही दिवस अडकू शकते. काही मोठ्या कंपन्यांचा हिशेब विभाग परदेशी व्यक्तीला अमेरिकी खात्यात पैसे द्यायला तयार होत नाही. हे पहिलं बिल पाठवण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

क्लायंट युरो वापरणाऱ्या देशातलाच असेल तर यातलं फारसं काही लागत नाही. पॅरिसहून बर्लिनला सेपा पद्धतीने युरो पाठवायला देशांतर्गत पाठवणीपेक्षा जास्त पैसे घेण्यास युरोपीय संघाच्या कायद्याने बंदी आहे.

आता खरा मोठा प्रश्न. बिल कोणत्या चलनात लावायचं? ४४ युरो गेले म्हणून हळहळणाऱ्या लेखिकेने जरा मागे वळून पाहावं. जानेवारी २०२५ च्या मध्याला एका युरोला साधारण १.०३ डॉलर मिळत होते, जुलैच्या सुरुवातीला १.१८ च्या आसपास. १,५०० डॉलरच्या त्याच बिलाचे जानेवारीत १,४५६ युरो झाले असते, जुलैत १,२७१. सहा महिन्यांत १८५ युरोंची घट; काम तेवढंच, बिलाचा आकडाही तोच. चाक उलटंही फिरतं. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस युरो ०.९६ डॉलरच्या आसपास घसरला होता, तेव्हा त्याच बिलाचे १,५६० युरो झाले असते. पण जर्मनीतलं घरभाडं आणि आरोग्य विम्याचा हप्ता दोन्ही वेळी युरोतच भरायचे असतात.

म्हणून बिल सरळ युरोत लावावं, असं पटकन वाटतं. दराचा धोका मग क्लायंटकडे जातो. पण बोस्टनच्या कंपनीचं अंदाजपत्रक डॉलरमध्ये असतं. दर महिन्याला वेगळा आकडा तिला नको असतो, आणि तिच्या बँकेचा युरोचा दरही बाजारभावापेक्षा महागच असतो. काही अमेरिकी बँका परकीय चलनात पैसे पाठवायला फी कमी घेतात किंवा घेतच नाहीत, कारण त्यांची कमाई दरातूनच होते. हा जादा भार क्लायंटला जाणवला की पुढच्या वेळी तो मोबदल्यातच घासाघीस करतो.

मधली वाट जास्त टिकाऊ ठरते. मोबदला युरोत ठरवायचा, बिल डॉलरमध्ये लावायचं, आणि आकडा बिलाच्या तारखेच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराने काढायचा. दर आणि तारीख दोन्ही बिलावर लिहायचे. मग लेखिकेला धोका उरतो तो फक्त बिल लावल्यापासून पैसे येईपर्यंतचा. तोही कमी करायचा तर ३० दिवसांऐवजी १४ दिवसांची मुदत मागावी. क्लायंटला डॉलरचा आकडा पक्काच हवा असेल, तर दर तीन महिन्यांनी किंवा दर पाच टक्क्यांहून जास्त हलला की मोबदल्याचा आकडा पुन्हा ठरेल, असं करारात घालून घ्यावं. बिल डॉलरमध्ये आणि खाली बँकेचा तपशील युरो खात्याचा, अशी जोडी मात्र करू नये. त्यात चलन बदलण्याचं काम आपल्या बँकेच्या हाती जातं, आणि दर तिच्या मर्जीचा.

याच लेखिकेचा एखादा क्लायंट पुण्यात असेल तर चित्र बदलतं. इथे रक्कम कमी येण्याचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे उगमापाशी कापलेला कर. काम तांत्रिक सेवेत मोडत असेल, तर भारत-जर्मनी करकरारानुसार ही कपात जास्तीत जास्त १० टक्के असते. त्यासाठी जर्मनीत कर भरत असल्याचा रहिवासी दाखला क्लायंटला आधी द्यावा लागतो. कमी आलेली रक्कम बरोबर दहा टक्के असेल तर तो कर आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यायला हवं, कारण जर्मनीत कर भरताना ते दाखवावं लागतं. तूट पंधरा-वीस डॉलर अशी ठरावीक असेल तर ती मधल्या बँकेची. क्लायंटने रुपयांत दिलेले पैसे अनिवासी भारतीयाच्या एनआरओ खात्यात घेतले, तर वायर टळते. पण ते पुढे जर्मनीत न्यायचे तर सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं, आणि एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरची मर्यादा असते. नाशिकला आईवडिलांचा खर्च भागवायचा असेल, तर ते रुपये तिथेच ठेवणं सोयीचं.

जर्मनीतल्या हिशेबाच्या वहीत मात्र उत्पन्न म्हणून पूर्ण १,५०० डॉलरच लिहायचे, हाती आलेली रक्कम नव्हे. मधल्या बँकेचे १८ डॉलर आणि आपल्या बँकेचे १० युरो व्यवसायाचा खर्च म्हणून वेगळ्या ओळीत लिहायचे, आणि दोन्हींसोबत बँकेचा कागद जोडून ठेवायचा.