अंतराळात वजन करायचं कसं?

अमेरिकेनं 1973 साली स्कायलॅब हे अंतराळस्थानक कक्षेत सोडलं. त्यात आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या अंतराळवीरांचं वजन घटतंय का, हे डॉक्टरांना हवं होतं. पण वजनरहित अवस्थेत साधा काटा हलतच नाही. मग स्प्रिंगची खुर्ची आली. तीत स्वतःला घट्ट आवळून घ्यायचं, खुर्ची बाजूला ओढून सोडायची आणि एका दोलनाला लागणारा वेळ मोजायचा.

स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात ती मधल्या, समतोल जागेकडे मागे खेचते. असं बल असलं की होणारी गती म्हणजे सरल हरात्मक गती. तिचा आवर्तकाल T = 2π√(m/k). यात गुरुत्वाकर्षणाचा पत्ताच नाही! वस्तुमान चौपट झालं की आवर्तकाल दुप्पट, मग जागा पृथ्वी असो वा अंतराळ.

आता जमिनीवर येऊ. गुळगुळीत टेबलावर 200 ग्रॅमचा ठोकळा 20 न्यूटन प्रति मीटर स्थिरांकाच्या स्प्रिंगला जोडून 5 सेंटिमीटर ओढला. या ताणात ½kA² म्हणजे 0.025 ज्यूल स्थितिज ऊर्जा साठते. सोडल्यावर ती गतिज होऊ लागते. मध्यावर ठोकळ्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असतो. तिथली गतिज ऊर्जा काढून पाहावी, तीही 0.025 ज्यूलच भरते. त्या क्षणी बल शून्य असूनही ठोकळा थांबत नाही, कारण सगळी ऊर्जा वेगातच असते. पलीकडे जाताना तो स्प्रिंग दाबतो आणि वेग पुन्हा ताणात जमा होतो.

परीक्षेत घात होतो तो अर्ध्या वाटेवर. ठोकळा मध्यापासून 2.5 सेंटिमीटरवर असताना ऊर्जा निम्मी-निम्मी असेल, असं बरेच जण धरून चालतात. स्थितिज ऊर्जा अंतराच्या वर्गावर ठरते, म्हणून तिथे ती फक्त पाव असते, बाकी पाऊण गतिज. निम्मी-निम्मी वाटणी होते ती साधारण 3.5 सेंटिमीटरवर.

लंबकातही हाच व्यवहार चालतो, फक्त तिथे ऊर्जा ताणात न साठता गोळा उंच गेल्यानं साठते. त्याचा आवर्तकाल T = 2π√(l/g): वस्तुमान गायब, g हजर. म्हणूनच स्कायलॅबमध्ये लंबक झुललाच नसता. पृथ्वीवरही तो जागेनुसार बदलतो. 1672 साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे यांना विषुववृत्ताजवळच्या कायेनमध्ये आढळलं, की पॅरिसला अचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडतं.

शिवाय लंबकाची ही गती सरल हरात्मक असते ती लहान कोनापुरतीच. तिथे मागे खेचणारं बल कोनाच्या नव्हे, त्याच्या sin च्या प्रमाणात असतं. 10 अंशांवर आवर्तकालात हजारात दोनाइतकाच फरक पडतो, 60 अंशांवर मात्र तो शेकडा सातच्या वर जातो.