ठाणे जिल्ह्यातला प्रबंध, पालघर जिल्ह्यातला शोध

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्याआधी वसईपासून तलासरीपर्यंतच्या आठही तालुक्यांवर जे संशोधन झाले, त्यातल्या प्रबंधांच्या मुखपृष्ठावर जिल्हा म्हणून ‘ठाणे’ छापलेले आहे, आणि ते बरोबरच आहे. पण आज बोईसरजवळच्या बेटेगावावर अभ्यास करू पाहणारी विद्यार्थिनी शोधपेटीत ‘पालघर जिल्हा’ असेच टाइप करते. ज्या प्रबंधाच्या नोंदीत तो शब्द नाही, तो तिच्यापुढे येत नाही. प्रबंध असतो, ग्रंथालयात सुरक्षितही असतो, पण तिच्यापुरता तो नसल्यासारखाच.

हा दुरावा मिटवायला पुष्कळदा एक पत्र पुरते. जुन्या प्रबंधाचा कर्ता विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लिहितो, की माझा प्रबंध नियमांप्रमाणे फायली आणि नोंदी करून देत आहे, तो भांडारात दाखल करावा. हे पत्र आणि त्यासोबतची तयारी कशी असावी, ते या लेखात पाहू.

पत्र ग्रंथालयालाच का?

भारतीय विद्यापीठांच्या पीएच. डी. प्रबंधांचे राष्ट्रीय भांडार म्हणजे ‘शोधगंगा’. ते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली. २०१६ च्या विनियमांनी हा क्रम उलटा केला. मूल्यमापन पूर्ण झाल्यावर, पण पदवी जाहीर होण्यापूर्वीच, प्रत जमा व्हायला हवी.

त्यामुळे नव्या प्रबंधांची वाट आखलेली आहे. २००९ पूर्वीच्या प्रबंधांसाठी अशी सक्ती नव्हती. अनेक विद्यापीठांनी जुन्या प्रतींचे डिजिटायझेशन केले, पण प्रत्येक प्रत त्यात आली असेलच असे नाही. शिवाय संशोधकाला शोधगंगेवर परस्पर प्रबंध चढवता येत नाही. ते काम करार केलेल्या विद्यापीठाच्या समन्वयकाकडे असते आणि समन्वयक बहुधा ग्रंथालयातलाच असतो. पालघर जिल्ह्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात, म्हणून बेटेगाव-बोईसरच्या संशोधकाचे पत्र साहजिकच कालिन्याच्या विद्यानगरी संकुलातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाकडे जाईल.

एक नमुना प्रबंध

नियम कोरडे वाटतात, म्हणून एक काल्पनिक प्रबंध हाती घेऊ. वर्ष २००३, भाषा मराठी, विषय तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांतले बदलते श्रमजीवन आणि त्यात बेटेगावावर एक प्रकरण. सुरुवातीची पाने १८, प्रकरणे पाच, शेवटी परिशिष्टे. मजकूर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कृतिदेव टंकात. लेखिकेकडे एक बांधीव प्रत आहे आणि तेव्हा टायपिंगवाल्याने सीडीवर दिलेली पीडीएफ आहे.

पीडीएफ उघडली की पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. खरी परीक्षा म्हणजे एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवणे. ‘ठाणे जिल्हा’ हे शब्द तिथे `Bk.ks ftYgk` असे उमटतात. कारण या जुन्या टंकांनी देवनागरी अक्षरांच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवल्या होत्या. माणूस आकृती वाचतो, शोधयंत्र तिच्यामागचा संकेत वाचते. `iky?kj` म्हणजे ‘पालघर’, हे त्याला कळायला काही मार्ग नाही.

संगणकाशी थोडी ओळख असेल त्याला हेच एका आज्ञेने तपासता येते:

```
pdffonts prabandh.pdf
```

यात टंकांची नावे येतात आणि `emb` नावाचा एक रकाना येतो. तिथे `no` असेल तर टंक फायलीत अंतर्भूत नाही. म्हणजे ज्याच्या संगणकावर कृतिदेव नाही, त्याला पडद्यावरही `Bk.ks` असेच दिसेल. अशी फाईल तशीच भांडारात गेली तर ती उघडते, पण वाचता येत नाही.

मजकूर बदलायचा नाही

पहिला मोह होतो तो सगळा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून नवी पीडीएफ करण्याचा. इथे थांबायला हवे. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. परिवर्तकाला दोन्ही हलवून जागेवर बसवावे लागतात आणि जोडाक्षर आले की तो चुकतो. मराठीतला अर्धा र तर हमखास बळी पडतो. ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’ होते, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. मजकुरात मधेच इंग्रजीत टंकलेली अक्षरे असतील आणि परिवर्तक टंक न पाहता सरसकट बदलत असेल, तर त्यांचीही निरर्थक मराठी होते.

चुका एकवेळ सुधारता येतील, पण पानेही सरकतात. मूळ प्रतीतला ११२ व्या पानावरचा तक्ता नव्या प्रतीत १०७ वर गेला, की या प्रबंधाचा आधी कुणी दिलेला प्रत्येक संदर्भ चुकीचा ठरतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की परीक्षकांनी मान्य केलेला मजकूर म्हणजे ती बांधीव प्रत. भांडारात तिचीच प्रतिमा जायला हवी, सुधारून वाढवलेली आवृत्ती नव्हे.

म्हणून सुरक्षित वाट अशी: बांधीव प्रत ३०० डीपीआयने स्कॅन करायची, किंवा सीडीवरची पीडीएफ तिच्याशी पानोपान जुळवून घ्यायची. मग पानाची प्रतिमा तशीच ठेवून तिच्याखाली शोधता येणारा अदृश्य मजकूर बसवायचा. मुक्त साधनांनी हे जमते:

```
ocrmypdf -l mar+eng --force-ocr prabandh.pdf purna.pdf
```

`--force-ocr` मुळे जुना निरुपयोगी संकेत टाकून दिला जातो आणि प्रत्येक पान प्रतिमा म्हणून नव्याने वाचले जाते. या वाचनातही चुका राहतील, विशेषतः तक्त्यांत. पण त्या शोधापुरत्या असतात. वाचकाला दिसते ते मूळ पानच.

फायलींची नावे

शोधगंगेवर प्रबंध एका सलग फायलीत न ठेवता भागांत ठेवतात आणि नावांमागचे आकडे भागांचा क्रम ठरवतात. आपल्या नमुन्यापुरती यादी अशी:

```
01_title.pdf
02_prelim pages.pdf
03_content.pdf
04_abstract.pdf
05_chapter 1.pdf  ते  09_chapter 5.pdf
10_annexures.pdf
80_recommendation.pdf
```

शेवटच्या फायलीत शीर्षकपान आणि निष्कर्षाचा भाग एकत्र असतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला प्रबंधाचे सार तिथेच मिळते. कोणत्याही फायलीला पासवर्ड नको.

तुकडे करताना सर्वाधिक चूक होते ती पानांच्या हिशेबात. पहिले प्रकरण छापील १ ते ४२ पानांचे आहे, पण त्याआधी १८ पाने असल्याने पीडीएफमध्ये ते १९ ते ६० वर आहे:

```
qpdf purna.pdf --pages . 19-60 -- "05_chapter 1.pdf"
```

प्रत्येक तुकडा उघडून त्याचे पहिले आणि शेवटचे पान बांधीव प्रतीशी ताडून पाहावे. हिशेब एका पानाने चुकला तर प्रकरणाचे शेवटचे पान पुढच्या फायलीत जाते आणि पुढे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

नोंद: पालघर इथे येतो

फायलींपेक्षा मोलाची असते ती सोबतची नोंद. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, सारांश, शोधशब्द, पृष्ठसंख्या, भाषा आणि तारखा अशी तिची घरे असतात. तारखा तीन: नोंदणीची, पूर्ततेची आणि पदवी मिळाल्याची. पदवीची तारीख अधिसूचनेवरून घ्यावी. पदवीदान समारंभ नंतर होतो, त्याची तारीख इथे चालत नाही.

शीर्षक मूळ प्रतीत आहे तसेच द्यायचे, म्हणजे त्यात ‘ठाणे जिल्हा’ हेच शब्द राहतील. पण शोधशब्दांवर आणि `dc.coverage.spatial` या स्थळाच्या घरावर मुखपृष्ठाचे बंधन नाही. तिथे ‘बेटेगाव, पालघर तालुका, पालघर जिल्हा, पूर्वीचा ठाणे जिल्हा’ असे लिहिता येते. तारापूरबाबत तर हे आवश्यकच आहे. तारापूर औद्योगिक वसाहत बोईसरला लागून आहे, तारापूर गाव काही अंतरावर किनाऱ्याकडे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अणुवीज केंद्रालाही तारापूरचेच नाव आहे. नुसते ‘तारापूर’ लिहिले तर वाचकाला गाव, वसाहत आणि वीजकेंद्र वेगळे करता येत नाहीत. ‘तारापूर औद्योगिक वसाहत, बोईसर’ असे पूर्ण लिहावे. रोमन लिपीत `Betegaon`, `Boisar`, `Palghar` हीही रूपे द्यावीत, कारण शोधणारे दोन्ही लिप्यांत शोधतात.

ही सगळी नोंद युनिकोडमध्येच टंकावी. जुन्या फायलीतून सारांश कॉपी केला, तर तोच `ftYgk` नोंदीत जाऊन बसेल.

पत्राचा मसुदा

प्रति,
मा. ग्रंथपाल,
जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, मुंबई विद्यापीठ, विद्यानगरी, मुंबई.

विषय: पीएच. डी. प्रबंध (२००३) शोधगंगा भांडारात दाखल करण्याबाबत.

महोदय/महोदया,

माझा वरील प्रबंध विद्यापीठाने मान्य केला असून पदवी अधिसूचनेची प्रत सोबत जोडली आहे. शोधगंगेवर शीर्षक आणि संशोधक या दोन्ही अंगांनी शोध घेतला असता तो आढळला नाही.

सोबत पूर्ण प्रबंधाची एक पीडीएफ, नियमांप्रमाणे नावे दिलेल्या भागांच्या फायली आणि युनिकोडमधील नोंदतक्ता देत आहे. फायली मान्य बांधीव प्रतीच्याच प्रतिमा आहेत. मजकूर, पृष्ठांक व तक्ते यांत काहीही बदललेले नाही. केवळ शोधासाठी प्रतिमेखाली मजकूरस्तर जोडला आहे. आपल्या संग्रहातील प्रतीशी त्या पडताळून पाहाव्यात, ही विनंती.

शीर्षकात जिल्हा ‘ठाणे’ आहे. अभ्यासक्षेत्र २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असल्याने नोंदीच्या स्थळ व शोधशब्द या घरांत दोन्ही नावे दिली आहेत.

परिशिष्टात मुलाखत दिलेल्या कामगारांची नावे व पत्ते आहेत. ती पाने खुली न ठेवता काय करता येईल, याबाबत आपला निर्णय कळवावा. मी स्वतः काहीही खोडलेले नाही.

प्रबंध खुल्या वाचनासाठी ठेवण्यास माझी लेखी संमती सोबत आहे.

आपली विश्वासू,
(सही)

पत्रातला परिशिष्टाचा परिच्छेद वगळू नये. २००३ मध्ये बांधीव प्रत फार तर काही वाचकांच्या हाती जाणार होती. मुलाखत देणाऱ्याने नाव सांगितले ते त्या हिशेबाने. जाळ्यावर तीच यादी कुणालाही दिसते. संमतीही समजून द्यावी. शोधगंगेवरचे प्रबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली असतात, की श्रेय देऊन आणि नफ्याचा हेतू न ठेवता ते वापरता येतात, आणि त्यावरून केलेले कामही त्याच अटींवर खुले ठेवावे लागते. प्रबंधात दुसऱ्याची छायाचित्रे किंवा नकाशे असतील तर त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

दाखल झाल्यावर

प्रबंध चढला की त्याला `hdl.handle.net/10603/` ने सुरू होणारा कायमचा पत्ता मिळतो. संदर्भ देताना तोच द्यावा. संकेतस्थळाची रचना बदलली तरी तो पोचवतो. मात्र एकाच भांडारावर विसंबू नये. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबरहल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची प्रबंधसेवा दीर्घकाळ बंद पडली होती. मूळ स्कॅन लेखिकेने स्वतःकडे आणि आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावेत.

मग दोन शोध घ्यावेत: एक ‘पालघर’ शब्दाने, एक ‘बेटेगाव’ शब्दाने. दोन्हींत प्रबंध आला तर काम झाले. एकात आला नाही तर नोंदीतले कोणते घर रिकामे राहिले ते पाहून समन्वयकाला त्या घराचे नाव घालून लिहावे. नुसते ‘प्रबंध सापडत नाही’ असे कळवले तर त्यांना काय दुरुस्त करायचे ते समजत नाही.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक याच पट्ट्यात उभे राहत आहे. इथली जमीन, मजुरी आणि वस्ती किती बदलली हे उद्या मोजायचे, तर आधी ती कशी होती याचे आकडे लागतील. ते गावोगाव हिंडून कुणीतरी गोळा केलेले आहेत आणि एखाद्या प्रबंधाच्या तक्त्यात पडून आहेत. तो तक्ता आजच्या अभ्यासकापर्यंत पोचवण्याचा अर्ज ज्याने तो मांडला त्यानेच करायचा आहे.